सिलिकॉनच्या बँड आलेखात न दिसणारी दिशा

पडद्यावर सिलिकॉनचा बँड आलेख आहे. आडव्या अक्षावर L, Γ, X हे बिंदू, उभ्या अक्षावर ऊर्जा. आधी भरलेल्या पट्ट्यांचा माथा शोधू: तो Γ वर आहे. आता रिकाम्या पट्ट्यांचा तळ. तो Γ वर नाही, आणि नीट पाहिलं तर X वरही नाही; Γ कडून X कडे जाताना साधारण ८५ टक्के अंतरावर आहे. माथा एकीकडे, तळ दुसरीकडे, म्हणून गॅप अप्रत्यक्ष. (फक्त नावाच्या बिंदूंवर गणित केलं, तर हा तळ हुकतोच.) गॅपच्या आकड्यावर मात्र लगेच विसंबू नये. पीबीई पद्धतीत तो ०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतो. प्रत्यक्षात, खोलीच्या तापमानाला, तो १.१२ आहे.

आता वक्रता. पट्टा जितका पसरट, तितका इलेक्ट्रॉन जड. तळाच्या अगदी लगतचे बिंदू घेऊन त्यांवर पॅराबोला बसवू:

E − E₀ = ħ²(k − k₀)²/2m*

यातून प्रभावी वस्तुमान m* मिळतं, मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या सुमारे ०.९२ पट. म्हणजे सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन जवळजवळ मोकळ्याइतकाच जड? थांबा. आपण फक्त Γ–X रेषेवरून चाललो. त्या रेषेला काटकोनात ही दरी बरीच अरुंद आहे, तिथे वस्तुमान ०.१९ निघतं. आपल्या आलेखात ती दिशाच नाही! तळापासून काटकोनात जाणारी एक छोटी वाट वेगळी मोजावी लागते. तिन्ही दिशांच्या वस्तुमानांच्या व्यस्तांची सरासरी काढून ती पुन्हा उलटी केली, की विद्युतवहनासाठी लागणारं वस्तुमान येतं: ०.२६.