शेऱ्यापासून फलकापर्यंत

चारठाण्याच्या (ता. जिंतूर) गोकुळेश्वर मंदिराच्या बारवेलगत विश्रामस्थान कल्पिणाऱ्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला परीक्षणात ‘पायऱ्या दिसतात, उतरणे दिसत नाही’ असा शेरा मिळाला असे समजू. तो त्याच दिवशी, तारखेनिशी, संबंधित रेखाटनाच्या समासात दाखल करावा. कारण आठवड्याने शब्द उरतात, त्यांचा रोख हरवतो.

फलकावर मात्र शेरा नव्हे, तर त्यातून निष्पन्न झालेला निर्णय उतरवायचा असतो. येथे तो निर्णय म्हणजे नकाशाऐवजी छेदाला प्राधान्य: ५९४ × ८४१ मिलिमीटरच्या ए-१ फलकावर १:५० प्रमाणात १० मीटर अंतर २० सेंटीमीटर व्यापते, म्हणून छेद मध्यभागी घ्यावा आणि त्याखाली मूळ रेखाटन खाडाखोडीसह, लहान आकारात ठेवावे, कारण ते गिरवून स्वच्छ केले की विचाराचा पुरावाच नाहीसा होतो. आकार बदलताच लिखित प्रमाण खोटे ठरते, यास्तव प्रमाणपट्टी रेखाटनाबरोबरच लहान करावी.

छेदाला दिलेली ‘छेद क-क’ ही ओळ चित्रात दिसते तेच सांगते. तिच्या जागी असे लिहावे: ‘बैठक काठाशी, उतरणीसमोर, बसलेल्याची नजर पायऱ्यांवरून पाण्यापर्यंत जाते.’ छेदात ती दृष्टिरेषा काढून पाहावी. मध्ये कठडा आड येत असेल, तर ओळ नव्हे, रचना बदलावी.