एका दाखल्यावर तीन पेन्शनी चालत नाहीत

नोव्हेंबर उजाडला की बँकांमध्ये ज्येष्ठांची रांग लागते. आपल्या राज्य शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांची नावे असलेली यादी कोषागाराकडून बँकेत येते. त्या यादीत नावासमोर सही किंवा अंगठा केला की हयातीचा दाखला दिल्यासारखे होते. मुदत ३० नोव्हेंबरची. ती चुकली तर डिसेंबरपासूनचे निवृत्तिवेतन थांबते. एवढे बहुतेकांना तोंडपाठ असते. पैसे अडकतात ते बहुधा दुसऱ्याच ठिकाणी, म्हणजे घरात एकापेक्षा जास्त पेन्शन येत असेल तिथे.

समजा, सांगलीच्या एक काकू सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या. त्यांचे स्वतःचे निवृत्तिवेतन कोषागारातून येते. यजमान खासगी कारखान्यात होते, त्यामुळे त्यांच्या पश्चात काकूंना भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे ईपीएस-९५ ची, विधवा पेन्शन मिळते. शिवाय एलआयसीच्या वार्षिकी योजनेचे पैसेही येतात. तिन्ही रकमा एकाच बँकेच्या एकाच खात्यात जमा होतात. नोव्हेंबरात काकू बँकेत सही करून येतात आणि वर्षाचे काम उरकले असे समजतात. पण ती सही कोषागाराच्या यादीवर होती. भविष्य निर्वाह निधी कार्यालयाला आणि एलआयसीला त्या सहीचा पत्ताच नसतो. पैसे देणारे तीन, म्हणून दाखलेही तीन.

त्यातून ईपीएस-९५ ला नोव्हेंबरचे बंधन नाही. दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून बारा महिने चालतो. काकूंनी मागचा दाखला फेब्रुवारीत दिला असेल तर तो पुढच्या फेब्रुवारीपर्यंतच. या योजनेत किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे आणि अनेकांना त्याच्या आसपासच मिळते. मोठ्या निवृत्तिवेतनाच्या आड हजार रुपये आले नाहीत हे चटकन ध्यानात येत नाही. पासबुक भरून आणल्यावर कधीतरी उन्हाळ्यात कळते. एलआयसीच्या दाखल्याची तारीख तर आणखी वेगळी असू शकते. ती त्यांच्याकडून आलेल्या पत्रात किंवा शाखेतच पाहावी.

घरबसल्या दाखला द्यायची सोय २०१४ पासून आहे, तिचे नाव ‘जीवन प्रमाण’. बोटांचे ठसे झिजलेल्यांची पंचाईत व्हायची, म्हणून २०२१ पासून चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. त्यासाठी मोबाइलमध्ये AadhaarFaceRD आणि Jeevan Pramaan ही दोन ॲप लागतात. फोन मुलाचा किंवा शेजाऱ्याचा चालतो. आधी फोनवाल्याने आपली ओळख पटवायची, मग पेन्शनरची माहिती भरायची. चेहरा टिपताना उजेड समोरून हवा आणि सांगितले की डोळे मिचकावायचे. बाहेर पडणे शक्य नसेल तर पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो.

चेहरा टिपणे सोपे आहे, चूक होते ती माहिती भरताना. पेन्शन कोणत्या प्रकारची, ती मंजूर कोणी केली, देते कोण आणि पीपीओ क्रमांक काय, हे सारे ॲप विचारते. काकूंकडे दोन पीपीओ आहेत: एक स्वतःच्या नोकरीचा, दुसरा यजमानांच्या पेन्शनचा. घाईत नातवाने कारखान्याच्या पेन्शनसाठी काकूंचाच जुना पीपीओ टाकला, तरी आधार जुळते, प्रमाण क्रमांक तयार होतो आणि मोबाइलवर संदेशही येतो. घरचे निश्चिंत. पण तो संदेश दाखला तयार झाल्याचा असतो, स्वीकारल्याचा नव्हे. तो स्वीकारायचा की नाकारायचा हे पैसे देणारे कार्यालय ठरवते. म्हणून काही दिवसांनी jeevanpramaan.gov.in वर प्रमाण क्रमांक टाकून स्थिती पाहावी. नाकारला असेल तर तोच दाखला दुरुस्त होत नाही, अचूक माहिती भरून नवा करावा लागतो. विधवा पेन्शनीत पुनर्विवाहाचा प्रश्नही असतो. तिथली खूण पुढे जाण्याआधी स्वतः वाचून घ्यावी.

आणि दाखल्याच्या नावाखाली कोणी फोन करून ओटीपी मागितला किंवा व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल पाठवली, तर सरळ फोन ठेवावा. दाखला फोनवर कोणी ‘अपडेट’ करून देत नाही.

पेन्शन थांबलीच, तर ती बुडाली असे नाही. दाखला पोचला की पुढचे हप्ते सुरू होतात आणि मधल्या महिन्यांची थकबाकीही मिळते. फार वर्षे गेली असतील तर मात्र पुन्हा मंजुरीचे सोपस्कार मागे लागू शकतात. कुठे जायचे हे खात्यातल्या कोणत्या रकमेची नोंद बंद झाली त्यावर ठरते: कोषागाराची असेल तर बँक किंवा कोषागार, कारखान्याची असेल तर भविष्य निर्वाह निधीचे कार्यालय, वार्षिकीची असेल तर एलआयसीची शाखा. जाताना त्याच पेन्शनचा पीपीओ किंवा पॉलिसी क्रमांक, आधार आणि पासबुक बरोबर न्यावे.