पुनर्विकासाची सभा: कुणाचा हात मोजायचा?

इमारतीचं प्लॅस्टर पडू लागलं की बिल्डर दारात येतो आणि सेक्रेटरी संमतीपत्रांवर सह्या गोळा करत घरोघरी फिरू लागतात. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांत पुनर्विकासाची सुरुवात अशीच होते. मात्र ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकास करायचा की नाही, हे विशेष सर्वसाधारण सभेत ठरतं. जिन्यात घेतलेली सही तिची जागा घेऊ शकत नाही.

समजा, सोसायटीत ४० सभासद आहेत. सभेला दोन तृतीयांश, म्हणजे किमान २७ जण हजर हवेत. २६ आले तर गणसंख्या अपुरी, सभा तहकूब. २७ आले आणि १९ जणांनी ठरावाच्या बाजूने हात वर केले, तर? हजर असलेल्यांत ते बहुमत झालं, पण ठराव पडतो. कारण ५१ टक्के एकूण सभासदांचे मोजायचे असतात, म्हणजे इथे किमान २१. पूर्वी, २००९ च्या नियमांत, ७५ टक्के संमती लागत असे.

हात वर करणारा सभासद आहे का, हा प्रश्न त्याआधीचा. याच ४० घरांपैकी चार भागपत्रांवर वारलेल्या किंवा घर विकून गेलेल्या माणसांची नावं असतील, तर तिथे राहणाऱ्यांच्या मताला कुणीही हरकत घेऊ शकतो. नोंदणीकृत करारनामा झाला तरी नवा मालक आपोआप सभासद होत नाही. त्याने हस्तांतराचा अर्ज करावा लागतो, तो मंजूर झाल्यावर भागपत्राच्या मागच्या बाजूला नोंद होते. वडिलांनी नामनिर्देशन केलं असेल तर मुलाला तात्पुरतं सभासदत्व मिळू शकतं, पण वारसांमधला मालकीचा प्रश्न त्याने मिटत नाही. सभेची नोटीस लागण्याआधीच ही कामं उरकायला हवीत, नाहीतर काठावरचं बहुमत पुढे वादात सापडतं.

विरोधात असलेल्यांचं काय? ठराव रीतसर झाला असेल तर मूठभरांना तो अडवून धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २००९ पासून अनेकदा सांगितलं आहे. म्हणूनच त्यांनी आपलं म्हणणं सभेत मांडावं आणि इतिवृत्तात आलं आहे ना, ते तपासावं. सभेचं चित्रीकरणही बंधनकारक केलेलं आहे. कार्यकारिणी कागद दाखवत नसेल तर लेखी अर्ज करून, शुल्क भरून प्रती मागता येतात. हा हक्क प्रत्येक सभासदाचा, मग त्याने हात वर केलेला असो वा नसो.

विकासक निवडण्याची सभा वेगळी असते आणि ती निबंधकांच्या प्राधिकृत अधिकाऱ्यासमोर घ्यायची असते. त्यानंतरच्या करारात प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी आहे का आणि प्रत्येकाला मिळणारं चटईक्षेत्र चौरस फुटांत लिहिलं आहे का, हे सहीआधी पाहावं.