वाटीचे मिलिलिटर

व्यापारी घराण्यांतील जुन्या पाककृतींच्या वह्या चाळल्या तर एक गोष्ट नजरेस येते. दुकानाच्या खतावणीत एका पैशाचा फरक ज्यांना खपला नाही, त्यांच्याच घरातील वहीत ‘एक वाटी’, ‘दोन चमचे’, ‘एक कप’ अशी मापे पानोपानी आढळतात, आणि कोणती वाटी, कोणता चमचा, याचा कोठेही उल्लेख नसतो. लिहिणाऱ्या व्यक्तीला त्याची गरजही नव्हती. वाटी समोर फळीवर होती. पुढे वाटण्या झाल्या, भांडी तीन घरी गेली, वहीची प्रत मात्र प्रत्येकीने उतरवून घेतली. त्यात सुनांनी मासिकांतून व पाकक्रियेच्या वर्गांतून आणलेल्या कृतींची भर पडली; परदेशी राहणाऱ्या लेकींनी तिकडची मापे कळवली. आता त्या साऱ्यांची एकच यादी करून मिलिलिटरमध्ये मांडावयाची झाल्यास हिशेब कोठून सुरू करावा, हा प्रश्न अनेक घरांत पडतो.

प्रमाणित मापांचा भाग सोपा आहे. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा असतो व व्यवहारात तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियात कप २५० मिलिलिटरचा, जपानमध्ये २०० मिलिलिटरचा. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या मापांच्या संचात २४० आणि २५० असे दोन्ही कप आढळतात. आकडा बहुधा दांडीवर किंवा तळाशी कोरलेला असतो, तो पाहून घ्यावा. चहाचा चमचा, म्हणजे टीस्पून, ५ मिलिलिटरचा व मोठा चमचा, म्हणजे टेबलस्पून, १५ मिलिलिटरचा. याला महत्त्वाचा अपवाद ऑस्ट्रेलियाचा. तेथील टेबलस्पून २० मिलिलिटरचा असतो. मेलबर्नहून लेकीने तीन टेबलस्पून लिंबूरस कळवला असेल तर तो ४५ नव्हे, ६० मिलिलिटर होतो, आणि आंबटपणात हा फरक जिभेला तत्काळ कळतो.

यादीसाठी एकच कप निवडावयाचा असल्यास २४० सोयीचा पडतो. त्यात १६ टेबलस्पून किंवा ४८ टीस्पून नेमके बसतात. अर्धा कप १२०, पाव कप ६०, तिसरा हिस्सा ८०, असे पूर्ण आकडे मिळतात.

खरा घोटाळा वाटीचा आहे. मात्र त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या कृतीत सर्वच जिन्नस एकाच भांड्याने मोजले आहेत, तेथे भांडे किती मिलिलिटरचे आहे याने काहीच बिघडत नाही. एक वाटी रवा, एक वाटी साखर, अर्धी वाटी तूप, अडीच वाट्या पाणी, हा शिरा लहान वाटीने केला तर थोडा होईल, मोठ्या वाटीने केला तर अधिक होईल. चव तीच राहील. पाककृती म्हणजे मूलतः प्रमाण. ते प्रमाण मोडते ते वाटी आणि चमचा एकाच कृतीत येतात तेव्हा. वाटी घरागणिक बदलते, मापाचा चमचा बदलत नाही; म्हणून अशाच कृतींचे रूपांतर प्रथम व काळजीपूर्वक करावे.

खमण ढोकळा हे याचे उत्तम उदाहरण. कच्चे दही किंवा ताक बेसनात कालवले तर द्विदलाचा दोष लागतो, म्हणून जैन घरांत आंबटपणासाठी लिंबूफूल किंवा लिंबाचा रस घेतात. फुगण्याचे सारे काम लिंबूफूल व सोडा या दोघांच्या मेळावर चालते, आणि हे दोन्ही जिन्नस चमच्याने मोजले जातात. बार्शीच्या एका घरातील वहीतील कृती मूळ कपाच्या मापाची होती : दोन कप बेसन, दीड कप पाणी, दोन टेबलस्पून साखर, दोन टेबलस्पून तेल, एक टीस्पून लिंबूफूल, एक टीस्पून सोडा, एक टीस्पून मीठ, पाव टीस्पून हळद. २४० च्या कपाने त्याचे मिलिलिटर असे होतात : बेसन ४८०, पाणी ३६०, साखर ३०, तेल ३०, लिंबूफूल, सोडा व मीठ प्रत्येकी ५, हळद सव्वा.

धाकट्या जावेने वही उतरवताना ‘कप’ या शब्दाच्या जागी सहज ‘वाटी’ लिहिले. तिच्या घरची वाटी १६० मिलिलिटरची. त्यामुळे बेसन ३२० व पाणी २४० झाले. पीठ व पाणी यांचे आपापसातील प्रमाण बिघडले नाही, पीठ भिजवताना काहीच शंका येईना. चमचे मात्र तेच राहिले. ३२० मिलिलिटर बेसनाला मीठ, सोडा व लिंबूफूल प्रत्येकी सुमारे ३.३ मिलिलिटर पुरेसे असताना ५ पडले, म्हणजे दीडपट. ढोकळा खारट व आंबट झाला, वाफेवर झपाट्याने वर आला आणि झाकण काढताच मध्यभागी बसला. दोष बेसनाला दिला गेला. दुकान बदलून पाहिले, तरी तेच. चूक ना पिठात होती, ना करणारीच्या हातात. दुरुस्ती एका ओळीची : दोन वाट्यांऐवजी तीन वाट्या बेसन व सव्वादोन वाट्या पाणी, कारण ४८० म्हणजे १६० ची तिप्पट आणि ३६० म्हणजे सव्वादोनपट.

तेव्हा यादीला हात घालण्यापूर्वी आपल्या घरची वाटी मोजणे आले. घरात ग्रॅम दाखवणारा वजनकाटा असेल तर रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा आणि वाटी काठोकाठ पाण्याने भरावी. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर; स्वयंपाकघरातील उष्णतेने पडणारा फरक नगण्य असतो. काटा नसेल तर एक लिटरचे माप असलेली बाटली खुणेपर्यंत भरून वाटीने पाणी काढत जावे. सहा पूर्ण वाट्या निघाल्या आणि बाटलीत ४० मिलिलिटर उरले, तर ९६० भागिले सहा, म्हणजे वाटी १६० ची. उरलेले पाणी औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाच्या टोपणाने मोजता येते. त्यावर ५, १० व १५ मिलिलिटरच्या रेघा असतात. त्याच टोपणाने घरातील चमचेही तपासावेत. पोहे खाण्याचा चमचा अनेक घरांत टीस्पूनहून मोठा व टेबलस्पूनहून लहान भरतो, आणि वहीतील ‘एक चमचा’ बहुधा तोच असतो.

वाटीच राहिली नसेल तर? तरीही वहीतून तिचा माग काढता येतो. ज्या एखाद्या पानावर वाटीबरोबर बाजारी मापही आले आहे, ते पान शोधावे. बार्शीच्या त्याच वहीत खिरीच्या कृतीत ‘दूध अर्धा लिटर (तीन वाट्या)’ अशी नोंद होती. ५०० भागिले तीन म्हणजे सुमारे १६७. वाटी काठोकाठ न भरता किंचित खाली भरतात आणि लिहिणारी व्यक्ती आकडा सोयीने पूर्ण करते, हे गृहीत धरले तरी वाटी १५० आणि १७० यांच्या दरम्यानची होती, २४० ची खचित नव्हती, एवढे निश्चित ठरते. अशा दोन-तीन नोंदी जुळल्या की हिशेबाला आधार मिळतो. एकाच नोंदीवर मात्र विसंबू नये. एका पावतीवरून वर्षाचा ताळेबंद कोणी मांडत नाही.

यापुढील अडचण शिगेची. धान्याच्या पेढीवर पायली, शेर, मापटे, चिपटे चालत होते तेव्हा माप सपाट की शीग लावून, यावर भाव ठरत असे. देशात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि त्यांची अंमलबजावणी १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झाली, त्याबरोबर बाजारातील शीग गेली. स्वयंपाकघरात ती टिकून आहे. शीग असलेला सोड्याचा चमचा सपाट चमच्याच्या जवळजवळ दुप्पट भरू शकतो. लिंबूफूल सपाट आणि सोडा शिगेचा पडला तर सोडा शिल्लक उरतो व हळदीवर क्रिया करून ढोकळ्यावर तांबूस ठिपके उठवतो. चवीलाही साबणासारखी झाक येते. तांबडे ठिपके दिसले तर सोडा अधिक झाला किंवा नीट मिसळला गेला नाही, असे समजावे. यादीत लिहिलेला प्रत्येक मिलिलिटर सपाट मापाचा समजावा : चमचा भरून सुरीच्या पाठीने वरचा भाग सारून टाकावा.

बेसन, मैदा, पिठीसाखर यांच्या बाबतीत सपाट करूनही थोडी अनिश्चितता उरते, कारण चाळलेले पीठ हलके भरते व दाबलेले जड. २४० मिलिलिटर चाळलेले बेसन साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास भरते. दाबून भरल्यास त्याहून पुष्कळ अधिक. म्हणून मिलिलिटरच्या आकड्यापुढे डोळे मिटून ‘ग्रॅम’ लिहिण्याची जी रीत पडली आहे, ती पाण्याखेरीज बहुतेक जिन्नसांना फसवते. २४० मिलिलिटर साखर सुमारे २०० ग्रॅम भरते, तेवढेच तूप सुमारे २२०. ग्रॅम लिहावयाचेच असतील तर प्रत्येक जिन्नस एकदा स्वतः तोलून लिहावा. पिठापुढे ‘चाळून, न दाबता’ एवढे तीन शब्द अवश्य असावेत.

यादीत अशीही एक जागा येते की जेथे अचूक रूपांतर केले तरी पदार्थ बिघडतो. बाहेरच्या कृतीत एक टेबलस्पून किसलेले आले असते; जैन घरात त्याजागी सुंठ येते. १५ मिलिलिटर आल्याच्या जागी १५ मिलिलिटर सुंठपूड घातली तर पदार्थ तोंडात धरवणार नाही. पाव टीस्पून, म्हणजे सव्वा मिलिलिटर सुंठ तेथे पुरते. अशा ओळीत प्रथम जिन्नस बदलून घ्यावा व मगच आकडा लिहावा.

या रीतीने झालेल्या यादीच्या माथ्यावर दोन ओळी लिहून ठेवाव्यात : कप २४०, आमची वाटी १६०, टीस्पून ५, टेबलस्पून १५, सर्व मापे सपाट. प्रत्येक कृतीसमोर मूळ वहीतील शब्दही तसाच राहू द्यावा. आकडा लिहिताना चूक झालीच, तर ‘तीन वाट्या’ या मूळ नोंदीवरून ती पुन्हा शोधता येते. केवळ ‘४८०’ एवढेच उरले, तर येत नाही.