शेजारच्या एमसीबीवर आळ

सोसायटीच्या मीटर रूममधलं पॅनेल तपासायला आलेला तंत्रज्ञ हातातल्या थर्मल कॅमेऱ्याने फोटो काढतो. या वर्गातल्या स्वस्त कॅमेऱ्याचं चित्र ८० गुणिले ६० पिक्सेलचं असतं, म्हणजे जेमतेम ४,८०० ठिपके. अहवालात ते जसंच्या तसं छापलं, तर पिवळ्या-जांभळ्या डागांपलीकडे काही कळत नाही. कुठला एमसीबी तापलाय, हे वायरमनला समजायला हवं.

त्यासाठी दोन गोष्टी करतात. आधी चित्र मोठं करायचं: दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत आजूबाजूच्या तापमानांवरून काढलेली मधली मूल्यं भरायची. हे तापमानाच्या मूळ आकड्यांवर करायचं आणि रंग शेवटी चढवायचे. आधीच रंगवलेलं चित्र ताणलं, तर रंगांची भेसळ होऊन पट्टीवर नसलेल्या छटाही उमटतात.

मग शेजारच्या साध्या कॅमेऱ्याच्या फोटोतून फक्त कडा उचलायच्या (स्विचची चौकट, वायरी, लेबलवरची अक्षरं) आणि थर्मल चित्रावर हलकेच गिरवायच्या. फ्लिर कंपनीच्या ‘एमएसएक्स’चं तत्त्व हेच. चित्र एकदम बोलकं होतं.

बोलकं होतं, पण त्याला नवीन काही कळलेलं नसतं. कॅमेऱ्याची नजर ४५ अंश रुंद असेल, तर तीन मीटरवरून एकेक ठिपका सुमारे तीन सेंटिमीटर जागा पाहतो. एमसीबीची रुंदी १८ मिलिमीटर. समजा, एक सेंटिमीटरचा सैल स्क्रू ९० अंशांवर आहे आणि भोवतालचा भाग ३५ वर. ठिपका दोन्हींची गोळाबेरीज करून ४२ च्या आसपास आकडा दाखवेल. चित्र चौपट करा, कडा हव्या तेवढ्या रेखीव काढा, ते ९० अंश परत येणार नाहीत. सुरक्षित अंतर राखून जितकं जवळ जाता येईल तितकं जाणं किंवा अरुंद नजरेची लेन्स लावणं, एवढेच खरे उपाय.

दुसरी गफलत अधिक फसवी. दोन्ही लेन्स एका जागी नसतात. त्यांच्यात तीन सेंटिमीटर अंतर असेल, जुळवणी तीन मीटरसाठी केलेली असेल आणि फोटो अर्ध्या मीटरवरून घेतला, तर कडा आणि उष्णता एकमेकींपासून अडीच सेंटिमीटर सरकतात. तापलेला डाग थेट शेजारच्या एमसीबीवर जाऊन बसतो आणि अहवालात बदलायची शिफारस होते ती धडधाकट स्विचची! ओळखायची खूण सोपी आहे: डागच नव्हे, तर गरम वायरींच्या रेषाही आपापल्या कडांपासून एकाच बाजूला, सारख्याच सरकलेल्या दिसतात. तसं दिसलं, तर अंतराची जुळवणी बदलून फोटो पुन्हा घ्यावा.

पॅनेलवर पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण असेल, तर कडा आतल्या स्विचच्या येतात आणि तापमान मात्र झाकणाचं. म्हणून चांगल्या अहवालात सजवलेल्या चित्राशेजारी कच्चं थर्मल चित्र, साधा फोटो आणि किती अंतरावरून घेतलं याची नोंद असते.