नवे ड्रॉइंग आले, पण जुने कुठे गेले?

समजा, एका इमारतीचा दुसरा स्लॅब भरायचा आहे. स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये एका बीमच्या तळाशी १६ मिलिमीटरच्या तीन सळया होत्या. नंतर आर्किटेक्टने त्या बीमवर एक भिंत वाढवली. भार वाढला आणि सुधारित ड्रॉइंगमध्ये त्याच जागी २० मिलिमीटरच्या तीन सळया आल्या. हे ड्रॉइंग साइट इंजिनिअरच्या ईमेलवर वेळेत पोहोचलेही. फिटरकडे मात्र जुनीच प्रिंट राहिली. त्याने तीन सळया बांधल्या आणि मोजणाऱ्यालाही तीन सळया दिसल्या. फक्त बीममधले पोलाद ९४२ ऐवजी ६०३ चौरस मिलिमीटर भरले, म्हणजे गरजेच्या एक तृतीयांशाहून जास्त कमी. एकदा काँक्रीट पडले की हे वरून पाहून कोणालाच कळत नाही.

यात गणित कोणाचे चुकले नाही आणि ड्रॉइंग पाठवायचेही कोणी विसरले नाही. जुना कागद परत घ्यायचे काम तेवढे कोणाकडेच नव्हते.

ड्रॉइंगची ओळख त्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत असते. तिथे ड्रॉइंगचा क्रमांक आणि आवृत्ती, म्हणजे रिव्हिजन, लिहिलेली असते. पहिल्यांदा दिलेले ड्रॉइंग ‘आर-०’, पुढचे बदल ‘आर-१’, ‘आर-२’. शेजारच्या तक्त्यात प्रत्येक वेळी काय बदलले ते एका ओळीत असते. फाइलच्या नावातही हाच क्रमांक हवा: `S-203_R2.pdf`. `slab final new.pdf` या नावावरून काहीच समजत नाही, कारण उद्या आणखी एक ‘फायनल’ येणारच असते. तारखेवरही विसंबू नये. व्हॉट्सॲपवर काल आलेली फाइल तीन महिन्यांपूर्वीची असू शकते.

मग ताजी आवृत्ती कोणती, हे ठरवायचे कोणी? त्यासाठी साइट ऑफिसात ड्रॉइंग रजिस्टर असते. प्रत्येक ड्रॉइंगचा चालू रिव्हिजन क्रमांक, तो मिळाल्याची तारीख आणि किती प्रिंट कोणाकोणाला दिल्या, एवढे त्यात लिहिले की पुरते. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. शटरिंगवाल्याला एक, फिटरला एक, प्लंबरला एक अशा तीन प्रिंट दिल्या असतील, तर नव्या तीन देताना जुन्या तीन मोजून परत घ्यायच्या. त्यातल्या एकीवर ‘रद्द’ असा शिक्का मारून ती ऑफिसात ठेवायची, कारण पुढे बिलाचा वाद झाला तर तिचीच गरज लागते. बाकीच्या फाडून टाकायच्या.

एवढे करूनही एक वाट उघडी राहते. बरेच फिटर ड्रॉइंगवरून नव्हे, तर बीबीएसवरून काम करतात. कोणती सळई किती लांबीची कापायची आणि कशी वाकवायची, याचा हा तक्ता. ड्रॉइंग आर-२ झाले आणि तक्ता आर-१ वरूनच बनलेला राहिला, तर भिंतीवर नवे ड्रॉइंग टांगूनही जुनेच स्टील कापले जाईल. म्हणून हा तक्ता कोणत्या रिव्हिजनवरून केला, हे त्याच्या माथ्यावर लिहायला हवे. ड्रॉइंग बदलले की तक्ताही बाद.

बदललेल्या भागाभोवती ढगासारखी नागमोडी रेघ काढण्याची पद्धत आहे. ती सोयीची असली तरी सहसा ताज्या बदलांपुरतीच असते. आर-२ काढताना आर-१ चे ढग पुसले जातात. ज्याच्या हातात आजवर आर-० होते, त्याने आर-२ मधले फक्त ढग पाहिले, तर मधला बदल त्याच्या नजरेतून सुटतो. एखादी आवृत्ती मिळालीच नसेल, तर पूर्ण ड्रॉइंग पहिल्यापासून वाचावे लागते.

मोठ्या प्रकल्पांत आता एकच ऑनलाइन साठा असतो. तिथे काम चालू असलेल्या, इतरांना पाहण्यासाठी दिलेल्या, मंजूर झालेल्या आणि जुन्या फाइली वेगवेगळ्या ठेवतात. आयएसओ १९६५० हे २०१८ पासूनचे मानक हीच विभागणी सांगते. साइटवाल्यांना फक्त मंजूर फाइली वापरायच्या असतात. मात्र डाउनलोड केलेली प्रत आणि खिशातली घडी घातलेली प्रिंट यांवर कोणत्याही सॉफ्टवेअरची सत्ता चालत नाही.

म्हणून शेवटची तपासणी स्लॅब भरण्याआधी, सळयांपाशी उभे राहूनच करावी लागते. काँक्रीटला परवानगी देणाऱ्या कागदाला पोर कार्ड म्हणतात. त्यावर ड्रॉइंगचा क्रमांक आणि रिव्हिजन लिहून, रजिस्टरशी ताडून मगच सही करायची. तुमच्या घराचे बांधकाम सुरू असेल, तर काँक्रीटची गाडी बोलावण्याआधी इंजिनिअरला दोनच गोष्टी विचारा: फिटरच्या हातातल्या प्रिंटवर कोणता रिव्हिजन आहे आणि रजिस्टरमध्ये कोणता? दोन्ही उत्तरे सारखी नसतील, तर गाडी मागवू नका.