ओव्हरड्राफ्टचं व्याज: उचललेल्या पैशांवर की मंजूर मर्यादेवर?

जून म्हणजे वह्या-पुस्तकांच्या दुकानाचा हंगाम. शाळा उघडण्याआधी माल भरावा लागतो आणि गल्ल्यात पैसे येतात ते नंतर. अशा एका दुकानदाराचा जूनचा खातेउतारा उदाहरणादाखल घेऊ. त्याची सहा लाखांची मुदत ठेव आहे, त्यावर बँक त्याला ६.३० टक्के देते. ती ठेव न मोडता त्याने तिच्या तारणावर पाच लाखांची ओव्हरड्राफ्ट मर्यादा घेतली आहे. अशा ओव्हरड्राफ्टला बँका ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक टक्का जास्त लावतात, म्हणून याचा दर ७.३० टक्के धरू. महिन्याच्या शेवटी उताऱ्यावर व्याजाची एक ओळ येते. ती रक्कम बरोबर आहे की नाही, हे कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात स्वतःला तपासता येतं.

नियम असा की व्याज मर्यादेवर लागत नाही. त्या दिवशी खात्यातून प्रत्यक्ष किती पैसे उचललेले होते, त्यावर त्या दिवसाचं व्याज लागतं. आणि ‘त्या दिवशी’ म्हणजे दिवसअखेरची शिल्लक. दुपारी खातं कितीही खाली गेलेलं असो, रात्री हिशेब बंद होताना जी शिल्लक उरते तीच धरली जाते. रविवार आणि सुट्टीचे दिवसही त्यात आले. शनिवारी राहिलेली उचल रविवारीही व्याज खाते.

आपल्या उदाहरणातला दर मुद्दाम सोपा घेतला आहे. ७.३० टक्क्यांना ३६५ दिवसांनी भागलं की एक लाख रुपयांचं एका दिवसाचं व्याज बरोबर २० रुपये येतं. तुमच्या खात्याचा दर वेगळा असेल. त्यासाठी एक लाखाला दराने गुणा आणि ३६,५०० ने भागा, तुमचा ‘लाखाचा रोजचा भाव’ मिळेल. मंजुरीपत्रावरचा जुना दर मात्र डोळे झाकून घेऊ नका. अनेक खात्यांचा दर मध्येच बदलतो. बदलला असेल तर त्या तारखेआधीचे आणि नंतरचे दिवस वेगळे मोजा.

आता उतारा वाचू. उजवीकडच्या शिल्लक रकान्यात आकड्यापुढे Dr असेल तर ती तुमची उचल, Cr असेल तर तुमचे स्वतःचे पैसे. बँकेच्या ॲपवर दिसणारी ‘उपलब्ध रक्कम’ या कामाची नाही. तिच्यात न वापरलेली मर्यादाही मिळवलेली असते, आणि गोंधळ बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

पहिले चार दिवस खातं शून्यावर होतं. ५ जूनला प्रकाशकाला दोन लाख गेले आणि उचल दोन लाखांवर राहिली, ती ११ तारखेपर्यंत, म्हणजे सात दिवस. १२ तारखेला सकाळी एक लाख ऐंशी हजार गेले आणि संध्याकाळी गल्ल्यातले तीस हजार जमा झाले. दुपारी खातं तीन लाख ऐंशी हजारांनी खाली होतं, पण दिवसअखेर उचल साडेतीन लाख होती, म्हणून तोच आकडा घ्यायचा. ही शिल्लक १७ तारखेपर्यंत, म्हणजे सहा दिवस टिकली. १८ तारखेला अडीच लाख जमा झाले, उचल एक लाखावर आली आणि २४ तारखेपर्यंत सात दिवस तिथेच राहिली. २५ तारखेला एक लाख चाळीस हजार भरले आणि खातं चाळीस हजारांनी जमेत गेलं. तिथून महिनाअखेरपर्यंत व्याज नाही.

आता गुणाकार. दोन लाख सात दिवस म्हणजे १४ लाख-दिवस. साडेतीन लाख सहा दिवस म्हणजे २१. एक लाख सात दिवस म्हणजे ७. बेरीज ४२. प्रत्येकी २० रुपये धरले तर जूनचं व्याज ८४० रुपये. महिनाअखेर नावे पडलेली व्याजाची रक्कम हीच असली पाहिजे. रुपयाच्या पूर्णांकासाठी एखाद-दुसऱ्या रुपयाचा फरक चालेल.

व्याज मर्यादेवर लावलं असतं तर पाच लाख तीस दिवस म्हणजे दीडशे लाख-दिवस, आणि रक्कम ३,००० रुपये झाली असती. महिन्यातली सगळ्यात मोठी उचल पूर्ण महिना धरली असती तर २,१०० रुपये. म्हणजे चुकीची जात आकड्यावरूनच ओळखता येते.

लहान फरकही बोलका असतो. समजा उताऱ्यावर ९४० रुपये आहेत. फरक १०० रुपयांचा, म्हणजे पाच लाख-दिवसांचा. अडीच लाख दोन दिवस म्हणजे बरोबर पाच. तेव्हा संशय १८ तारखेच्या जमेवर. ती रक्कम धनादेशाने आली असेल आणि वटायला दोन दिवस लागले असतील, तर बँकेचं बरोबर आहे, कारण पैसे खात्यात खरे आले २० तारखेला. ती यूपीआयने किंवा रोखीने आली असेल, तर तुमची तक्रार खरी आहे. उताऱ्यावर व्यवहाराची तारीख आणि Value Date असे दोन रकाने असतील तर हा प्रश्न एका नजरेत सुटतो.

पूर्ण मर्यादेवरचं व्याज कधी कधी बरोबरही असतं. खातं उघडताना पाच लाखांची सगळी रक्कम आपल्या बचत खात्यात वळती केली असेल, तर ती पूर्ण उचल झाली. पैसे बचत खात्यात नुसते पडून असले तरी ओव्हरड्राफ्टवर रोज पाच लाखांचं व्याज चालू राहतं. अशा वेळी बँकेशी भांडण्याआधी ते पैसे परत भरा.

न वापरलेल्या मर्यादेवर काही बँका वेगळं शुल्क घेतात. ते मंजुरीपत्रात लिहिलेलं असेल तर घेता येतं, पण व्याजाच्या ओळीत मिसळता येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही, शुल्कावर लागतो. ज्या नोंदीच्या शेजारी जीएसटीची ओळ आहे, ते व्याज नव्हे.

व्याज दरमहा नावे पडतं. त्या दिवशी खातं उचलीत असेल, तर ती रक्कम उचलीत मिळते आणि पुढच्या महिन्यात तिच्यावरही व्याज चढतं. पुढच्या महिन्याची सुरुवातीची शिल्लक म्हणून व्याजासकट घ्यायची, नाहीतर तुमचा आकडा बँकेपेक्षा थोडा कमी येईल आणि चूक तुमचीच असेल.

हातात न आलेल्या पैशांवर व्याज लावलं जातं, ही कल्पनेतली भीती नाही. कर्ज प्रत्यक्ष देण्याऐवजी मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज आकारल्याचे आणि काही दिवसांच्या थकबाकीसाठी पूर्ण महिन्याचं व्याज घेतल्याचे प्रकार रिझर्व्ह बँकेला तपासणीत आढळले. २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात तिने बँकांना आपल्या पद्धती तपासून सुधारायला सांगितलं.

फरक सापडला तर शाखेत तोंडी विचारून थांबू नका. तारखा, दिवसअखेरची शिल्लक, दिवस आणि तुमचा आकडा एका कागदावर मांडा. त्याखाली ‘या महिन्याच्या व्याजाचा दिवसवार तक्ता द्यावा’ एवढंच लिहा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क करता येते. तिथे तोच कागद जोडा.